पानावर नाव नव्हतं

सर उद्या त्या खोलीत जाऊन बसतील, हे चित्र काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शाळेच्या कार्यालयामागे समितीची खोली आहे. लांबलचक टेबल, पलीकडे सात खुर्च्या आणि अलीकडे एकच. थोरल्याच्या दाखल्यासाठी मी एकदा तिथे बसले होते. त्या एकट्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. माणूस बसला की डुलतो, आणि काही केलेलं नसलं तरी अपराधी दिसतो.

उद्या दहा वाजता तिथे सर बसतील. दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून मुलांना वाटणारा शिक्षक शाळेत ठेवायचा की नाही, हे समोरचे सात जण ठरवतील. सर काही बोलायचे नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांनी लेखी खुलासा दिलाय तो दोन ओळींचा. ‘पान माझे आहे. माझ्याकडे पुरावा नाही.’ बस्स. शाळेतल्या कारकुनाने तो वाचला आणि अर्ध्या गावाला सांगितला.

पुरावा माझ्याकडे आहे. चार दिवस झाले, माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे.

सरांना सगळी शाळा तळटीप सर म्हणते. इतिहास शिकवतात आणि ग्रंथालय सांभाळतात. उंचीला बेताचे, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या हातातल्या कागदाकडे बघायची सवय. माझा थोरला सातवीत असताना मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन बसायचा. घरी आला की सरांच्या गोष्टी सुरू. त्याच्याकडूनच मला कळलं, की कॉलेजात असताना सर संध्याकाळी एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. नोकरी लागल्यावरही सोडलं नाही, अकरा वर्षं केलं. दुसऱ्यांची पुस्तकं वाचायची, चुका काढायच्या आणि निघून यायचं. पुस्तक छापून आलं की लेखकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, चित्र काढणाऱ्याचं नाव, मुद्रकाचासुद्धा पत्ता. ज्याने रात्री डोळे फोडले त्याचं नाव कुठेच नाही. सरांना त्याचं काही वाटायचं नाही म्हणे. प्रुफं तपासणाऱ्याचं नाव आलं म्हणजे कुठेतरी घोळ झालाय, असं ते गमतीने म्हणायचे.

त्याच छापखान्यात एका बड्या प्राध्यापकाच्या पुस्तकात त्यांना सलग चार पानं दुसऱ्याची सापडली होती. त्यांनी मूळ पुस्तक आणून मालकाला दाखवलं. मालक म्हणाला, तुझं काम वेलांट्या बघायचं, तेवढं बघ. पुस्तक तसंच छापलं गेलं. थोरल्याने मला हे सांगितलं तेव्हा तो अगदी चिडला होता. मी म्हणाले होते, जगात असंच चालतं बाबा, तू जेव.

तर शाळेत लागल्यावर सरांनी ते पान तयार केलं. एकच कागद, दोन्ही बाजूंनी. मथळा, ‘कुणाचं आहे ते लिहा’. दरवर्षी सातवीच्या मुलांना त्याची झेरॉक्स मिळायची आणि प्रकल्पाच्या वहीच्या पहिल्या पानावर ती चिकटवावी लागायची. चौदा वर्षं हे चाललंय. दरवर्षी सर त्यातलं एखादं वाक्य सुधारायचे, पण बाकीचं तेच. आणि त्या पानावर खाली, वर, कडेला, कुठेही सरांचं नाव नव्हतं. अख्ख्या शाळेला दुसऱ्याचं नाव लिहायला लावणारा माणूस स्वतःचं लिहायला विसरला. विसरला म्हणणंही खरं नाही. त्यांना ते सुचलंच नसणार. प्रुफं तपासणारा माणूस तो.

आता माझी गोष्ट यात कशी आली ते सांगते.

धाकटी यंदा सातवीत आहे. आमचं शेंडेफळ. थोरल्यात आणि तिच्यात नऊ वर्षांचं अंतर, त्यामुळे तिच्या अभ्यासाची काळजी मला जरा जास्तच. तिला जुन्या काळच्या पाणी साठवण्याच्या पद्धतींवर प्रकल्प होता. आदल्या दिवसापर्यंत पोरीने पाच ओळी लिहिल्या होत्या. मला धीर धरवेना. मी संगणकावर बसले, एक छान लेख शोधला, छापून काढला आणि तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, मुकाट्याने उतरव. ती म्हणाली, सर असं चालवून घेत नाहीत. मी म्हटलं, सरांना काय कळणार आहे? तिने रडत रडत सात पानं उतरवली. खाली मीच तिला लिहायला लावलं, ‘सौजन्य : इंटरनेट’.

पुढच्या सोमवारी परिपाठात सर बोलायला उभे राहिले. एरवी प्रार्थना, सुविचार, बातम्या आणि मग वर्गात. त्या दिवशी मोठ्या बाईंनी सरांना दहा मिनिटं दिली होती. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मी तिथे नव्हते, पण धाकटीने आणि नंतर तिच्या मैत्रिणींनी मला ते इतक्यांदा सांगितलंय, की मीच तिथे उभी होते असं वाटतं.

सर त्या पानावरचंच बोलले. म्हणाले, उसनी छत्री वापरायला हरकत नाही, तिच्या दांड्यावर आपलं नाव कोरू नये. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर ते अवतरणचिन्हांत टाका आणि कुणाचं ते लिहा. आपल्या शब्दांत सांगितलं तरी विचार त्याचाच आहे, तेव्हाही नाव लिहा. दोनचार शब्द इकडचे तिकडे केले म्हणजे ते आपलं होत नाही, चोरलेल्या सायकलला नवा रंग दिला तरी सायकल चोरीचीच. चित्र घेतलं तर ते कुणी काढलं तेही लिहा. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगायला कुणाचं नाव लागत नाही, ते सगळ्यांचं आहे. पण एखाद्याने वर्षभर फिरून, विहिरी मोजून काही शोधलं असेल, तर ते त्याचं आहे.

मग त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. लिहिणाऱ्याचं नाव, लेखाचं नाव, संकेतस्थळाचं नाव, लेख कधीचा आहे ती तारीख, पूर्ण पत्ता, आणि आपण तो कधी पाहिला ती तारीख. लिहिणाऱ्याचं नाव सापडलं नाही तर नाव नाही असं लिहायचं, पण पत्ता द्यायचाच. एकाने विचारलं, की नुसतं इंटरनेट लिहिलं तर? सर म्हणाले, पुस्तक कुणी लिहिलं असं विचारलं आणि तू कपाटाचं नाव सांगितलंस, तर चालेल का?

मुलं हसली. तिथवर ठीक होतं. पण मग त्यांनी नाव न घेता एका वहीबद्दल सांगितलं. त्या वहीत चौथ्या पानावर, सुंदर अक्षरात, परिच्छेदाच्या मधोमध लिहिलं होतं, ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’. सर म्हणाले, मी कागदावर दोनदा बोट दाबून पाहिलं, काही उघडलं नाही. सगळं सभागृह हसून लोटपोट झालं. माझी पोर हसली नाही. तिच्या शेजारच्या दोघींनी तिच्याकडे पाहिलं, आणि संपलं. दुपारपर्यंत तिचं नाव क्लिक पडलं. जाता येता पोरं तिच्या पाठीत बोट खुपसायची आणि म्हणायची, उघडत नाही रे.

घरी आली ती दप्तर टाकून माझ्या कुशीत शिरली नाही, सरळ न्हाणीघरात गेली आणि कडी लावून घेतली.

मी दुसऱ्या दिवशी तावातावाने शाळेत गेले. सर ग्रंथालयात एका फाटक्या नकाशाला मागून पट्टी लावत होते. मी बरंच बोलले. लहान मुलीची चारचौघांत थट्टा करणं शोभतं का, असं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ते उदाहरण मी द्यायला नको होतं, हसवायचा मोह झाला, चूक माझी. मी मुलीची माफी मागितली आहे आणि तिला प्रकल्प पुन्हा करायला पंधरा दिवस दिलेत. मग पट्टीचं टोक नखाने दाबत ते म्हणाले, “ताई, पण मी तिला उद्देशून बोललोच नव्हतो.”

“मग कुणाला?”

“मुलं उचलतात ते समोर पहिलं दिसतं ते. हा लेख बराच खाली सापडतो. कुणी तरी मोठ्या माणसाने वेळ घालवून शोधलाय.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी बाहेर पडले. पदवीधर बाई मी, आणि एका इतिहासाच्या मास्तराने मला वहीसकट पकडलं होतं.

घरी आले आणि धाकटीच्या वहीवर चिकटवलेलं ते पान काढून त्यातलं छत्रीचं वाक्य संगणकावर जसंच्या तसं टाकलं. का टाकलं? माणसाला चिखल लागला की दुसऱ्याच्या अंगावरचा शोधावासा वाटतो, दुसरं काय. आणि सापडलं. अभ्यासाचं साहित्य विकणाऱ्या एका संकेतस्थळावर ते पान जवळजवळ तसंच होतं. छत्री, सायकल, कपाट, सगळं. खाली त्या मंडळींचं नाव आणि ‘सर्व हक्क राखीव’. मला इतका आनंद झाला, की आता आठवला तरी लाज वाटते.

मी दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी लावले. खाली लिहिलं, ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’. पालकांच्या व्हॉट्सॲप गटाची जी ॲडमिन आहे, तिची माझी ओळख आहे. तिला पाठवलं आणि म्हटलं, माझं नाव नको. तिने गटावर टाकलं, ‘एका जागरूक पालकाकडून’. तासाभरात ते शाळेच्या सगळ्या गटांवर फिरलं. कुणी विचारलं नाही, की हे कुणी शोधलं, त्या संकेतस्थळावर ते कधी आलं, आधी कुठलं आणि नंतर कुठलं. मीही पाहिलं नव्हतं.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण ते लिहिताना हात थांबतो. ग्रंथालयाच्या दारावर कुणीतरी खडूने लिहिलं, ‘तळटीप चोर’. समितीतल्या एका गृहस्थांनी शाळेची बदनामी म्हणून पत्र दिलं. सरांचे तास दुसऱ्यांना दिले. सर रोज वेळेवर येतात, ग्रंथालयात बसतात. सहशिक्षकांना विचारलं, तर ते म्हणाले, असं एक पान पूर्वीपासून आहे खरं, पण तेव्हा शब्द हेच होते का, कोण सांगणार? शाळेचा जुना संगणक भंगारात गेला, त्यात मूळ प्रत होती. सरांनी स्वतः काही जपून ठेवलं नाही, आणि मुलांच्या जुन्या वह्या वर्ष संपलं की रद्दीत जातात. मोठ्या बाईंनी त्यांना खाजगीत विचारलं, निदान ठासून सांगा तरी, की माझं आहे. तेव्हा सर म्हणाले म्हणे, “ज्याचा आधार दाखवता येत नाही ते ठासून सांगू नये, असं मीच मुलांना शिकवतो.”

कारकुनाने हे हसत हसत सांगितलं. लोकही हसले. म्हणाले, बघा, आता कसा अडकला.

गेल्या गुरुवारी धाकटी नवा प्रकल्प करत होती. यावेळी मी तिच्या जवळपासही गेले नाही. तीच दोन दिवस तिच्या मैत्रिणीच्या आजोबांकडे जाऊन आली, त्यांच्या जुन्या घरात जमिनीखालची टाकी होती. स्रोत कसे लिहायचे ते बघायला तिने माळ्यावरून दादाची सातवीची वही काढली. मग वही उघडी धरून माझ्यासमोर आली.

“आई, हे बघ. तेच पान आहे.”

पहिल्या पानावर चिकटवलेलं, पिवळं पडलेलं. छत्री होती. सायकल होती. कपाटही होतं. कोपऱ्यात वर्गशिक्षिकेचा शिक्का, सरांची लाल सही आणि सहीखाली तारीख, नऊ वर्षांपूर्वीची. मी संगणक लावून ते संकेतस्थळ पुन्हा उघडलं. मजकूर टाकल्याची तारीख तिथेच खाली होती, पहिल्या दिवशीही असणार. पाच वर्षांपूर्वीची.

कुणीतरी कुणाच्या तरी वहीतून ते उचललं होतं. नाव नव्हतंच, त्यामुळे स्वतःचं घालायला काही खोडावंसुद्धा लागलं नाही.

“सरांना देऊया ना?” पोर म्हणाली. तिच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं होतं.

मी म्हटलं, बघू. बाबांशी बोलते. वही माझ्याकडे दे.

तिच्या बाबांशी मी बोललेच नाही. काय बोलणार? वही दिली, की पहिला प्रश्न येणार, ही आत्ता कुठून उगवली, मग ते फोटो कुणी लावले, मग का लावले. मग चौथं पान, क्लिक, सौजन्य इंटरनेट. सगळं धाग्याने ओढत वर येणार. शुक्रवारी धाकटीने विचारलं, दिलीस? मी म्हटलं, उद्या. शनिवारी विचारलं, मी म्हटलं, शाळा अर्धा दिवस असते ना. रविवारी तिने विचारलं नाही. आज सोमवार. आज दिवसभर ती माझ्याशी फारशी बोललीच नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, की सरांनी ग्रंथालयातलं आपलं कपाट रिकामं केलं. शाळेची पुस्तकं एका बाजूला, स्वतःची दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी. त्यांची स्वतःची फार थोडी निघाली म्हणे. एका पिशवीत मावली.

मी विचारलं, तुला काही म्हणाले का? ती म्हणाली, प्रकल्प झाला का विचारलं. उद्या आणून दे म्हणाले. सकाळीच दे, दहाच्या आत.

ती झोपल्यावर मी तिचा प्रकल्प पाहिला. अक्षर जरा बिघडलंय, वाक्यं तिची आहेत, दोन ठिकाणी चुकीचीही आहेत. शेवटच्या पानावर तिने स्रोत लिहिलेत. पहिला, मैत्रिणीचे आजोबा, तोंडी माहिती, कोणत्या वारी ते. दुसरं ग्रंथालयातलं पुस्तक, लेखकाचं नाव, वर्ष, पान क्रमांक. तिसरा तोच लेख, मी शोधलेला. या वेळी तिने त्यातून दोनच ओळी घेतल्यात, अवतरणचिन्हांत. लिहिणाऱ्या बाईंचं नाव, लेखाचं नाव, पूर्ण पत्ता, दोन्ही तारखा. मी तो लेख सात पानं उतरवून घेतला होता आणि त्याला लिहिणारी कुणी बाई आहे, हे मला आज कळलं.

त्या ओळीपुढे कंसात तिने आणखी लिहिलंय. ‘हा लेख माझ्या आईने शोधला.’

मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तिने मला टोचायला लिहिलं नाहीये. तिला सरांनी शिकवलं ते तिने केलं, ज्याचं त्याच्या नावावर. आणि हा कागद उद्या दहाच्या आत सरांच्या हातात जाणार आहे. ते वाचतील, लाल पेनाने बरोबरची खूण करतील, कुणाला एका शब्दाने सांगणार नाहीत, आणि मग त्या आखूड पायाच्या खुर्चीवर जाऊन डुलत बसतील.

मी फार आशा धरून नाही. वही दाखवली तरी दारावरचा खडू पुसला जाईल एवढंच. ज्यांनी ते फोटो पुढे पाठवले, त्यांतला एकही दुरुस्ती पुढे पाठवणार नाही. चार वर्षांनी कुणी म्हणेल, तेच ना, ते कॉपीचं प्रकरण झालं होतं ते? कपाट रिकामं केलेला माणूस ते पुन्हा भरेल की नाही, कुणास ठाऊक. आणि माझ्या पोरीने तीन दिवस वाट पाहून माझ्याबद्दल जे काही ठरवलंय, ते कुठल्या वहीने खोडता येणार?

मघाशी मनात आलं, ॲडमिनलाच पाठवावं, पुन्हा ‘एका जागरूक पालकाकडून’. वहीचा फोटो, तारीख, झालं काम. बोटं तिथवर गेलीसुद्धा. मग मीच थांबले. नाव नसलेल्या कागदाने एवढं झालंय, आता आणखी एक नको.

मोठ्या बाई साडेपाचला उठतात, फिरायला जातात. सहाला घरी असतात. मी वही कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे, शेजारी फोन. सहा वाजता त्यांनाच लावायचा. आधी माझं नाव सांगायचं, कुणाची आई तेही. मग म्हणायचं, ते फोटो मी लावले होते, लिहून घ्या. वहीचं त्यानंतर.